पगारवाढीची मागणी: तुम्ही कागदावर काय मांडले? (अनुभव धागा)

धागाकर्ती
खासगी कंपन्यांत एप्रिलपासून लागू होणाऱ्या पगारवाढीसाठी स्वमूल्यमापनाचे फॉर्म बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत भरून घेतले जातात. केलेल्या कामाची नोंद आणि बाजारातील पगाराची आकडेवारी यांच्या आधारे ज्यांनी वाढ मागितली आहे, त्यांनी नेमके काय मांडले आणि त्यातले काय टिकले, हे कृपया लिहावे.

चाकणवासी
मी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. आमच्या लाइनवरचे रिजेक्शन गेल्या वर्षी ३.२ टक्क्यांवरून १.९ टक्क्यांवर आले. महिन्याला सुमारे ४०,००० नग निघतात, म्हणजे ५२० नग वाचले, आणि भंगाराची किंमत वजा जाता नगामागे १८० रुपयांचे नुकसान धरले तर महिन्याला ९३,६०० रुपये होतात. हा आकडा मी थेट साहेबांपुढे न ठेवता आधी कॉस्टिंगमधल्या सहकाऱ्याकडून तपासून घेतला. त्यांनी नव्या फिक्श्चरचा चार लाखांचा खर्च वजा करायला लावला. वर्षाची बचत सव्वाअकरा लाखांवरून सव्वासात लाखांवर आली. आकडा लहान झाला खरा, पण बैठकीत त्यावर कोणीही शंका घेतली नाही. त्याच काळात टूलचा पुरवठादारही बदलला होता, म्हणून तो बदल होण्याआधीच्या दोन महिन्यांची घट मी वेगळी दाखवली. अन्यथा सारे श्रेय खरेदी विभागाकडे गेले असते.

स्पष्टवक्ता
एवढ्या कागदांची गरज काय? दुसऱ्या कंपनीचे ऑफर लेटर टेबलावर ठेवावे. बाजारभावाचा याहून मोठा पुरावा नाही. मला त्यावर वाढ मिळाली आहे.

निवृत्त एचआर
स्पष्टवक्ता, पुरावा म्हणून ते पत्र बळकट आहे, हे मान्य. मात्र ते दाखवल्यावर तुमची फाइल पगारवाढीच्या यादीतून निघून ‘सोडून जाण्याची शक्यता’ या यादीत जाते, आणि वाढ दिली तरी पुढच्या बढतीच्या वेळी ते आठवले जाते. जायची तयारी असेल तरच ते काढावे.

चाकणवासींच्या मांडणीत मला वेळेचा मुद्दा जोडावासा वाटतो. वाढीचे पत्र हाती येते तेव्हा विभागाची रक्कम केव्हाच वाटून झालेली असते, आणि त्यानंतर एकाला वाढवायचे म्हणजे दुसऱ्याचे कमी करायचे. म्हणून अर्ज फॉर्मसोबत, रेटिंगच्या बैठकीपूर्वी पोहोचायला हवा. त्या बैठकीत तुम्ही नसता. तुमचा व्यवस्थापक इतर व्यवस्थापकांशी तुमच्यासाठी भांडत असतो. त्याला तेथे वाचून दाखवता येईल असे एक पान द्या. दहा पानांचा अहवाल कोणी उघडत नाही.

मंत्रालयाजवळून
आमच्याकडे सातव्या वेतन आयोगानंतर वार्षिक वेतनवाढ तीन टक्के आहे आणि ती १ जानेवारी किंवा १ जुलैला लागते. त्यामुळे पुरावे गोळा करण्याचा प्रश्नच येत नाही. गोपनीय अहवाल मात्र चांगला हवा, तो पदोन्नतीला लागतो.

धागाकर्ती
धन्यवाद काका, पण येथे प्रश्न वाटाघाटीने ठरणाऱ्या पगाराचा आहे.

आकडेमोड
बाजारभावाबद्दल लिहिते. अ‍ॅम्बिशनबॉक्सवर माझ्या पदासाठी १४ लाख दिसत होते आणि माझा निश्चित पगार १०.४ लाख होता. ३.६ लाखांची तफावत सांगण्याचा मोह झाला, परंतु १४ लाख हा सीटीसीचा आकडा होता. त्यातून दहा टक्के व्हेरिएबल, म्हणजे १.४ लाख, गेले. मूळ वेतन पाच लाख धरल्यास कंपनीचा पीएफचा वाटा ६०,००० आणि ग्रॅच्युइटीची ४.८१ टक्क्यांची तरतूद सुमारे २४,००० रुपये होते. उरले सुमारे ११.७६ लाख. खरी तफावत १.३६ लाखांची, म्हणजे माझ्या पगाराच्या तेरा टक्के, आणि तेवढीच मी मागितली. मिळाली नऊ टक्के.

निवृत्त एचआर
ताई, आकडेमोड चोख आहे. तरीही अशा संकेतस्थळांवरची माहिती लोकांनी स्वतः भरलेली असते; एकाच पदनामाखाली चार वर्षांचा आणि नऊ वर्षांचा अनुभव एकत्र येतो. कंपन्या विकत घेतलेल्या सर्वेक्षणांतील मध्यक पाहतात, आणि ते तुम्हाला दाखवत नाहीत. म्हणून ‘माझ्या ग्रेडच्या पगाराच्या पट्ट्यात मी कोठे आहे?’ असे सरळ विचारावे. पट्ट्याच्या तळाशी असाल तर वाढीला जागा असते. वरच्या टोकाला असाल तर कितीही पुरावे दिले तरी बढतीशिवाय फारसे हलत नाही.

रात्रपाळी
मी सर्व्हर सांभाळतो. माझे काम चोख झाले तर काहीच घडत नाही. ‘न घडलेल्या’ गोष्टीची नोंद मी कशी दाखवावी?

चाकणवासी
आलेल्या तक्रारी किती वेळात सुटल्या, याची तिकिटांमधून मासिक नोंद काढता येईल. मात्र रोखलेल्या बिघाडाची रुपयांतली किंमत आमच्या कॉस्टिंगनेही कधी मान्य केलेली नाही. त्यावर कोणाचा अनुभव असेल तर मलाही हवा आहे.