मदत हवी आहे: बांधकाम कंपनीत साइट इलेक्ट्रिशियनचा अर्ज, नेमकं काय लिहू?

नऱ्हेकर_पोरगा:
नमस्कार मंडळी. औंधच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, अप्रेंटिसशिपही पूर्ण झाली. २०२१ पासून एका इलेक्ट्रिकल ठेकेदाराकडे आहे. वाकड, वाघोली, धायरी अशा साइटवर स्लॅबमधले पाइप, वायर ओढणं, फ्लॅटचा डीबी बांधणं आणि साइटची टेंपररी लाइन सांभाळणं, ही कामं करतो.

आता एका बांधकाम कंपनीत साइट इलेक्ट्रिशियनची जागा आहे. मी अर्जात असं लिहिलंय: "सर्व प्रकारच्या वायरिंगचा दांडगा अनुभव. लायसन्सधारक. सेफ्टीचे संपूर्ण ज्ञान. मेहनती व प्रामाणिक."

मित्र म्हणतो हे सगळेच लिहितात. मग वेगळं काय लिहायचं? आणि वायरमन परमिटचा अर्ज केलाय, पण हातात अजून आलेलं नाही. "लायसन्सधारक" चालेल का?

हडपसरचा_बंटी:
भावा, आयटीआयचं सर्टिफिकेट म्हणजेच लायसन्स. बिनधास्त लिही, कोण विचारतंय. आणि कामाचे फोटो जोड, फोटो बघितले की निम्मं काम होतं.

एमईपी_ताई:
बंटी, फोटोचं बरोबर आहे, लायसन्सचं नाही. आयटीआय पास झाल्याचं राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र वेगळं, अप्रेंटिसशिपचं वेगळं आणि राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून मिळणारं वायरमन परमिट तिसरंच. पहिली दोन असली तरी तिसऱ्यासाठी अर्ज करावाच लागतो. नियम असा की उभारणीचं काम लायसन्सवाल्या ठेकेदाराने घ्यायचं, देखरेखीला सक्षमता प्रमाणपत्र असलेला सुपरवायझर हवा आणि हात लावणाऱ्याकडे परमिट हवं. तुम्ही अर्जात "लायसन्सधारक" लिहिलंत की आमचा पहिला प्रश्न असतो, कोणतं? तिथे चाचपडलात की बाकीचा अर्ज कितीही चांगला असो, आम्ही खाली वाचत नाही.

नऱ्हेकर, तुम्ही सरळ लिहा: "इलेक्ट्रिशियन ट्रेड उत्तीर्ण, राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र आहे. अप्रेंटिसशिप पूर्ण. वायरमन परमिटसाठी अर्ज केला आहे, पावती सोबत जोडली आहे." परमिट आलं की क्रमांक आणि मुदत कुठपर्यंत आहे ते लिहायचं. मुदत संपलेलं परमिट जोडणारेही भेटतात, त्यापेक्षा पावती बरी.

मी साइटवर इलेक्ट्रिकलचं काम बघते, असे अर्ज माझ्याकडे ढिगाने येतात. "दांडगा अनुभव" वाचून मला काहीच कळत नाही. एखादा प्रसंग सांगा ना, जिथे तुम्ही स्वतः डोकं चालवून बिघाड शोधला.

कोथरूडकर_काका:
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आमच्या फ्लॅटमध्ये गीझर लावला की आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाइन तोडणारा तो स्विच, उडतो. सोसायटीचा इलेक्ट्रिशियन म्हणतो आरसीसीबीच खराब आहे, काढून टाकू. काढू का?

एमईपी_ताई:
काका, काढू नका! बहुतेक गीझरच्या एलिमेंटमधून गळती असते. गीझर बंद ठेवून दुसरा माणूस बोलवा. बाकीचं वेगळ्या धाग्यावर विचारा, इथे या पोराची नोकरी अडकलीय.

नऱ्हेकर_पोरगा:
ताई, एक आहे. पावसाळ्यात एका साइटवर टेंपररी डीबीचा ३० मिलिअँपचा आरसीसीबी सारखा उडायचा. व्हायब्रेटर सुरू केला की फटकन खाली. सगळे म्हणाले व्हायब्रेटर खराब. दुसरा आणला, तरी तेच. कटर लावला, तरी तेच. मुकादम म्हणाला, आरसीसीबीला बायपास कर, काँक्रीटची गाडी उभी आहे.

मी सगळे एमसीबी खाली केले तर आरसीसीबी टिकला. एकेक वर केला, तरी टिकला. पण कोणत्याही लाइनवर लोड आलं की उडायचा. तेव्हा लक्षात आलं की एमसीबी एका पोलचे आहेत, ते फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. म्हणून मेन बंद केला, न्यूट्रल लिंकवरची एकेक वायर सोडवली आणि प्रत्येक न्यूट्रल ५०० व्होल्टच्या मेगरने अर्थशी तपासला. हॅलोजनच्या लाइनचा जवळजवळ शून्य दाखवत होता. ती केबल मलब्याखालून गेलेली, मध्ये टेपचा जोड आणि तो पाण्यात. ती लाइन काढून टाकली, बाकीचं चालू झालं. नंतर बिनजोड केबल टाकली आणि जमिनीवरून न नेता खांबांवरून टांगली.

पण हे अर्जात कसं बसवायचं? गोष्ट सांगितल्यासारखं होईल.

एमईपी_ताई:
अहो, हेच हवं होतं! बघा, यात तुमचा अनुभव आणि सेफ्टी, दोन्ही एकत्र आलं. नुसतं "आरसीसीबी दुरुस्त केला" लिहिणारे पुष्कळ. पण हॅलोजनची लाइन खराब असताना व्हायब्रेटर लावल्यावर आरसीसीबी का उडतो, हे समजलेला माणूस थोडा. अर्थला लागलेल्या न्यूट्रलमुळे दुसऱ्या मशीनचाही थोडा करंट अर्थमधून परत जातो, फेज आणि न्यूट्रलचा हिशेब जुळत नाही आणि आरसीसीबी पडतो. बिचाऱ्या व्हायब्रेटरचा काही दोष नाही.

अर्जात एवढंच लिहा:

"टेंपररी डीबीचा ३० मिलिअँप आरसीसीबी कोणत्याही मशीनच्या लोडवर ट्रिप होत होता. बायपास न करता मेन बंद करून प्रत्येक न्यूट्रल वेगळा करून ५०० व्होल्ट मेगरने तपासला. हॅलोजन लाइनचा न्यूट्रल केबलच्या ओल्या जोडातून अर्थ झालेला सापडला. ती केबल बदलून वरून टांगली."

"सेफ्टीचे संपूर्ण ज्ञान" खोडून टाका. बायपास नाकारला, हे वरच्या चार ओळींत आलंच आहे. त्याखाली अजून एक-दोन सवयी लिहा, पण रोज करता त्याच. उदाहरणार्थ, काम करण्याआधी लाइन बंद करून कुलूप आणि टॅग लावता का? मग निऑन टेस्टरवर भिस्त न ठेवता मीटरने तपासता का? मीटर आधी चालू लाइनवर बघून घेता का?

नऱ्हेकर_पोरगा:
कुलूप प्रत्येक साइटवर नव्हतं. काही ठिकाणी फ्यूज काढून खिशात ठेवायचो आणि डीबीवर माणूस उभा करायचो. मीटर आधी चालू लाइनवर बघायची सवय आहे.

एमईपी_ताई:
मग तसंच लिहा. "जिथे कुलूप उपलब्ध नव्हतं तिथे फ्यूज काढून स्वतःजवळ ठेवला व डीबीवर माणूस ठेवला." हे वाचून आम्हाला कळतं की माणूस खऱ्या साइटवर राहिलाय. प्रत्येक साइटवर लॉकआउट होतं असं लिहिलंत तर मुलाखतीत विचारू, कुलूप कोणाचं, चावी कोणाकडे असायची?

जुना_वायरमन:
ताईंचं पटतं, पण फोटोंबाबत मी थोडा वेगळा आहे. पोरं डीबी चकाचक करून समोरून फोटो काढतात. आम्ही मागे काय बघायचं? खरा फोटो स्लॅबचा. सळ्यांवर पाइप बांधलेले, फॅन बॉक्सची तोंडं बंद केलेली, काँक्रीट पडायच्या आधी. ते काम नंतर कोणाला दिसत नाही आणि पाइप चेपला तर फ्लॅटचं वायर ओढताना रडायला येतं. पोरा, असा एक फोटो आणि उघड्या डीबीचा एक, बस्स. डीबीच्या फोटोत न्यूट्रल लिंक दिसली पाहिजे. दोन आरसीसीबी असतील तर दोघांची न्यूट्रल लिंक वेगळी आहे का, हे मी पहिल्यांदा शोधतो. लग न लावता सुटे तार खोचलेले दिसले तर फोटो पाठवूच नको, उलट पडेल.

आणि ट्रेड टेस्टला जायचं तर सोल्डरिंग शिकून जा, आमच्या वेळी त्यावरच घासाघीस व्हायची.

एमईपी_ताई:
वायरमन काका, फोटोचं एकदम मान्य. सोल्डरिंग आता साइटवर फार कोणी विचारत नाही, क्रिंपिंग विचारतात. आम्ही डीबी समोर ठेवतो आणि सांगतो, पॉवरचं आणि लाइटचं सर्किट जोड. लाइटला १.५ आणि पॉवर सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटर वायर घेतो का, लग योग्य साइजचा घेतो का, आणि शेवटी मेगर करताना आधी इलेक्ट्रॉनिक वस्तू सोडवतो का, हे बघतो. शेवटचं विसरणारे बरेच.

हडपसरचा_बंटी:
बरं बाबा, लायसन्सचं चुकलं माझं. पण कागदपत्रांचे स्कॅन पाठवताना कॉपीवर "फक्त या नोकरीच्या अर्जासाठी" असं आडवं लिहून पाठव. माझ्या एका मित्राचे कागद कुठून कुठे फिरले.

नऱ्हेकर_पोरगा:
धन्यवाद सगळ्यांना. आता एक मोठी अडचण. ठेकेदार अनुभवाचं पत्र देत नाही. म्हणतो, पत्र दिलं की तू जाणार. पीएफ कापत नव्हता, पगार कधी बँकेत, कधी रोख.

जुना_वायरमन:
बांधकाम कामगार मंडळात नोंदणी आहे का? कार्ड जोड. त्यावरून बांधकामावर होतास एवढं तरी दिसतं.

एमईपी_ताई:
कार्डाने इलेक्ट्रिशियन म्हणून अनुभव सिद्ध होत नाही हो काका, पण नसण्यापेक्षा बरं. बँकेत आलेल्या पगाराच्या नोंदी ठेवा. वाकडच्या साइटवरच्या सिव्हिल इंजिनिअरचा नंबर संदर्भ म्हणून द्या, पण त्यांना विचारून. आमच्याकडे पत्र नसेल तर ट्रेड टेस्टवर भिस्त ठेवतो. दुसऱ्या कंपनीचं एचआर पत्राशिवाय फाइल पुढे सरकवत नाही असंही पाहिलंय. अर्जात मात्र "पत्र मागितले आहे, अद्याप मिळालेले नाही" एवढंच लिहा, ठेकेदाराबद्दल तक्रार नको.

जुना_वायरमन:
कामाच्या तारखा आणि साइट वहीत लिहून ठेवल्या असतील तर ती वहीही घेऊन जा. मी अशी वही बघून एकाला घेतलं होतं. ताई म्हणतील हे काही कागदपत्र नाही.

एमईपी_ताई:
नाही म्हणणार. वहीत मेगरचं रीडिंग लिहिलेलं असेल तर मी आधी तीच उघडीन.

नऱ्हेकर_पोरगा:
वही आहे, पण पावसाळ्यात भिजून काही पानं चिकटलीत. रीडिंग पेन्सिलने लिहिलंय, ते वाचता येतं. अर्ज नव्याने लिहून टाकतो इथे, नजर टाका. परमिटचं कुणाला कळलं की साधारण किती दिवसांत येतं, तर सांगा.