मदत हवी आहे: भार दिल्यावर टक्केवारी ४५ वरून ३७.५ वर आली, पेपरात कोणती छापू?

रानजाई
रिव्ह्यूअरनं पेपर परत पाठवलाय, महिनाअखेरीस दुरुस्त करून द्यायचाय. विषय असा: आमच्या तालुक्यात किती घरांमध्ये बाई स्वतः यूपीआयनं पैसे देते. नमुना स्तरित आहे, ६०० घरं. साधी टक्केवारी ४५ येते. रिव्ह्यूअर म्हणतो, भार लावा. लावला तर ३७.५ येते. चर्चेचं सगळं प्रकरण ४५ धरून लिहून झालंय. शिवाय ऑनलाइन फॉर्मवरून आलेले वेगळे ९०० प्रतिसाद आहेत, ते मिळवले तर आकडा थेट ७० वर जातो. यातला खरा कोणता? लवकर सांगा, प्लीज.

शिरीष_नगर
६०० कशाला घेतलीत? ९५ टक्के खात्री आणि ५ टक्के चूक धरली तर ३८४ पुरतात. माझ्या गाइडनी तेच सूत्र दिलं होतं आणि व्हायवात कोणी काही विचारलं नाही. प्रस्तावनेत सूत्र टाका, रिव्ह्यूअर गप्प बसेल.

रानजाई
शिरीष, नमुना किती मोठा हवा हा प्रश्नच नाहीये. गोळा करून झालाय.

आकडेमोड
नुसतं 'स्तरित' एवढ्यावरून काही सांगता येणार नाही. स्तर किती, प्रत्येकात एकूण घरं किती, घेतली किती, आणि स्तराच्या आत घरं कशी निवडली? भार कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये लावला, तेही सांगा.

रानजाई
स्तर तीन. शहर, बाजाराची मोठी गावं, आणि वाड्या-पाडे. प्रत्येकातून २०० घरं. एकूण घरं अनुक्रमे १२,०००, १८,००० आणि ३०,०००. होकार आले १४०, ९० आणि ४०. एसपीएसएसमध्ये वेट केसेस वापरलं. सगळ्या चाचण्यांत पी ०.००० आलाय, त्यामुळे निकाल पक्के आहेत. फक्त टक्केवारीचं सांगा.

आकडेमोड
टक्केवारीचं सोपं आहे, पीचं नाही. आधी टक्केवारी बघू.

६०० पैकी २७० होकार, म्हणून ४५. पण हा आकडा अशा तालुक्याचा आहे जिथे एक तृतीयांश घरं शहरात, एक तृतीयांश मोठ्या गावांत आणि एक तृतीयांश वाड्यांवर आहेत. तुमच्या तालुक्यात शहर पाचवा हिस्सा आहे आणि वाड्या निम्म्या. तिन्ही स्तरांतून सारखी घरं घेतलीत हे चांगलंच केलंत, नाहीतर शहराच्या वाट्याला जेमतेम १२० घरं आली असती आणि शहराबद्दल वेगळं काही बोलता आलं नसतं. मात्र सारखी घेतली की परत तोलावी लागतात. शहरातलं एक घर ६० घरांच्या वतीनं बोलतं, मोठ्या गावातलं ९० आणि वाडीवरचं १५०. तसं तोललं की ३७.५ येतं. तालुक्याचा आकडा म्हणून तोच छापा. तिन्ही स्तरांचे ७०, ४५, २० हे आकडे वेगळे द्याच, खरी गोष्ट तिथे आहे.

आता पी. वेट केसेसला तुम्ही ६०, ९०, १५० असे भार दिलेत, त्यांची बेरीज होते ६०,०००. एसपीएसएस ती बेरीज म्हणजेच माणसांची संख्या समजतं. त्याच्या हिशेबी तुम्ही ६०० नव्हे, ६०,००० घरं फिरलात. म्हणून कॉन्फिडन्स इंटरव्हल अर्ध्या टक्क्याच्या आत येतो आणि कुठलीही चाचणी लावा, पी शून्यच दिसतो. आउटपुटमध्ये एन किती लिहिलाय तो एकदा बघा.

रानजाई
एन ६०००० दिसतोय. म्हणजे सगळ्या तक्त्यांमधले पी बदलणार?

आकडेमोड
बदलणार. एसपीएसएसचं कॉम्प्लेक्स सॅम्पल्स असेल तर ते वापरा, नसेल तर आर फुकट आहे. पण त्याआधी माझा एक प्रश्न राहिलाय: स्तराच्या आत घरं कशी निवडली?

घाटावरचा
मी भार द्यायच्या विरोधात आहे. भार दिला की चूक वाढते, हे कुठल्याही संख्याशास्त्राच्या माणसाला विचारा. ४५ ठेवा आणि मर्यादांमध्ये एक ओळ लिहा. आणि ते ९०० प्रतिसाद फेकू नका! शिक्षण आणि वय यांवर भार देऊन जनगणनेशी जुळवून घ्या. १,५०० चा नमुना ६०० पेक्षा केव्हाही भारी.

मेघना_ट
घाटावरचा, मोठा नमुना केव्हाही भारी, हे २०२१ मध्ये अमेरिकेत तपासून झालंय. फेसबुकवरून कोविड लसीचं सर्वेक्षण चालायचं, आठवड्याला सुमारे अडीच लाख प्रतिसाद. वय आणि लिंग यांचा भारही दिलेला. तरी मे महिन्यात लस घेतलेल्यांचा त्यांचा आकडा प्रत्यक्षापेक्षा १७ टक्क्यांनी जास्त होता. त्याच काळात अ‍ॅक्सिऑस-इप्सॉसचं जेमतेम हजार जणांचं, नीट निवडलेलं पॅनेल खऱ्या आकड्याच्या बरंच जवळ होतं. प्रतिसाद वाढले की इंटरव्हल अरुंद होतो, पण चुकीच्या आकड्याभोवती.

घाटावरचा
मग एक्सबॉक्सचं काय? २०१२ च्या निवडणुकीत गेम खेळणाऱ्यांना विचारून अंदाज काढला होता. त्यात ९३ टक्के पुरुष होते, तरी भार देऊन चांगला आला.

आकडेमोड
आला, बरोबर आहे. पण त्यांनी फक्त वय आणि लिंग घेतलं नव्हतं. राज्य, शिक्षण, पक्ष, मागच्या वेळचं मत, सगळं विचारलं होतं, आणि देशात त्या त्या गटाचं प्रमाण किती हे त्यांना बाहेरून माहीत होतं. शिवाय गेम खेळण्याचा आणि मत कोणाला देणार याचा थेट संबंध नाही. इथे प्रश्नच यूपीआयचा आहे आणि फॉर्म फोनवर आलाय. रानजाई, फॉर्ममधल्या बायकांचं शिक्षण आणि होकार किती ते द्याल?

रानजाई
फॉर्म ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरवला. ९०० पैकी ७२० पदवीधर, त्यांत होकार ९० टक्के. उरलेल्या १८० मध्ये ७५ टक्के. घरोघरच्या सर्वेक्षणात भार दिल्यावर पदवीधर १५ टक्के आहेत, त्यांत होकार ८५ टक्के. बाकीच्यांत २९.

आकडेमोड
तुमचं उत्तर याच चार आकड्यांत आहे. फॉर्मची साधी टक्केवारी ८७. शिक्षणाचा भार दिला, म्हणजे पदवीधर १५ आणि बाकीच्या ८५ असं धरलं, की ती ७७ वर येते. दहा टक्के खाली आली, भारानं त्याचं काम केलं. पण घरोघर जाऊन ३७.५ मिळालं, त्याच्या ती अजून दुप्पट आहे.

का, ते बघा. पदवीधरांमध्ये दोन्हीकडे जवळपास सारखंच आहे, ९० आणि ८५. पदवी नसलेल्यांमध्ये एकीकडे ७५, दुसरीकडे २९. शिक्षणाचा भार असं गृहीत धरतो की फॉर्म भरणारी कमी शिकलेली बाई ही तालुक्यातल्या कुठल्याही कमी शिकलेल्या बाईसारखीच आहे. ती तशी नाही, तिच्या हातात स्मार्टफोन आहे. ज्यांच्याकडे तो नाही त्यांतली एकही फॉर्मवर नाही, आणि शून्याला कितीही मोठा भार दिला तरी शून्यच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी साधारण ३३ टक्क्यांनीच कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं होतं. आता प्रमाण वाढलं असेल, पण तुमच्या वाड्यांवर अजून किती फरक असेल, हे तुम्हीच पाहून आलात.

घाटावरचा, चूक वाढण्याचा तुमचा मुद्दा इथे मात्र लागू पडतो. या १८० बायकांवर ८५ टक्के लोकसंख्येचा बोजा टाकला की ९०० ची ताकद सुमारे २५० वर येते. स्तरित नमुन्यात तसं होत नाही. तिथे भार निवडीच्या संधीवरून येतो, आपल्याला अंदाज करावा लागत नाही, आणि स्तराच्या आत लोक एकसारखे असतील तर चूक उलट कमी होते.

घाटावरचा
२५० चं मान्य. पण ९०० बायकांनी वेळ काढून भरलेलं सगळं टाकून द्यायचं हे पटत नाही.

आकडेमोड
टाकू नका. पैसे कशासाठी देतात, कुठे अडतं, कोणी शिकवलं, हे प्रश्न फॉर्मवर असतील तर वेगळ्या तक्त्यात द्या. 'फॉर्म भरणाऱ्यांमध्ये' असं लिहा, आणि तालुक्याचा इंटरव्हल लावू नका. दोन्ही मिळवून ७० मात्र कुठेही छापू नका.

दत्ता_काका
मला यूपीआयचं काही कळत नाही, पण नमुन्याचं कळतं. पीक कापणी प्रयोगासाठी सर्व्हे नंबर रँडम निघतात. आमच्या मंडळात आडबाजूचा नंबर निघाला तेव्हा रस्त्याकडेचं, पाण्याखालचं शेत कापलं. उतारा जास्त लागला आणि सगळ्या मंडळाचा विमा बुडाला. कागदावर सगळं रँडमच आहे. या विषयावर धागा काढायला हवा कोणीतरी.

मेघना_ट
काका, काढा तुम्हीच, आम्ही लिहू. पण रानजाई, आकडेमोड दोनदा विचारतायत तेच काकांनी सांगितलंय. वाड्या कशा निवडल्या?

रानजाई
प्रत्येक स्तरात दहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी २० घरं. ठिकाणं चिठ्ठ्या टाकून काढली. वाड्यांपैकी चार पावसात रस्ता बंद म्हणून बदलल्या आणि जवळच्या घेतल्या. हे सगळेच करतात ना?

आकडेमोड
सगळे करतात, म्हणून रिव्ह्यूअर विचारतात. यातून दोन गोष्टी निघतात.

पहिली. एका वाडीवरची २० घरं एकमेकांसारखी असतात. रेंज नसेल तर कोणालाच नसते. म्हणून वाडीवरच्या २०० घरांना २०० सुटी घरं धरता येत नाही. आरमध्ये ठिकाण सांगावं लागतं:

```r
library(survey)
d <- svydesign(ids = ~thikan, strata = ~star,
               weights = ~bhar, data = a, nest = TRUE)
svymean(~upi, d)
```

यात `ids = ~1` लिहिलं तरी टक्केवारी तीच येईल, पण चूक फसवी लहान दिसेल. दोन्ही चालवून बघा.

दुसरी जास्त अवघड आहे. बदललेल्या चार वाड्यांवरची ८० घरं सोयीची आहेत. त्या स्तराला तुम्ही स्तरित म्हणता, पण त्याच्या आतला ४० टक्के नमुना फॉर्मसारखाच आला, आणि सगळ्यात मोठा भार, १५०, त्यालाच आहे. रस्त्याकडेच्या वाड्यांवर यूपीआय जास्त असेल तर ३७.५ सुद्धा चढाच आहे.

रानजाई
चालवलं. `ids = ~1` नं चूक १.९ आली, ठिकाण दिल्यावर ३.१. शहर आणि वाड्या यांतला फरक तरी टिकतो, पण वयोगटांच्या तक्त्यातले दोन फरक गेले. बदललेल्या चार वाड्यांवर होकार २९ टक्के, बाकीच्या सहावर १४.

मेघना_ट
म्हणजे मूळच्या चारही वाड्या त्या सहांसारख्या असत्या तर स्तराचा आकडा २० ऐवजी १४ च्या आसपास आला असता, आणि तालुक्याचा ३४.५.

आकडेमोड
हो, दोन्ही आकडे पेपरात द्या. 'मूळ निवडीतल्या चार वाड्या बदलल्या' हे पद्धतीच्या प्रकरणात लिहा, तळटीपेत नको. आणि ही ३०,००० घरं कुठून घेतलीत? २०११ च्या जनगणनेतून असतील तर शहर तेव्हापासून वाढलंय, भार त्यानं हलतील. ग्रामपंचायतीची घरपट्टीची नोंदवही म्हणजे नमुना ८ आणि आशाताईंच्या कुटुंबनोंदी ताडून पाहा. गायरानावरची घरं पहिल्यात सुटलेली असू शकतात.

रानजाई
२०११ चीच आहेत. शहराची घरं १५,००० धरून पाहते. रस्ता आता सुरू झालाय, पण चार वाड्या, २० घरं प्रत्येकी, महिनाअखेरीपर्यंत जमणार नाही. दोनच करून आले तर चालतील का?

घाटावरचा
संपादकांना मुदत मागा. बहुतेक देतात.

आकडेमोड
दोन करणार असाल तर चारांतल्या कोणत्या, हे चिठ्ठी टाकून ठरवा.