मदत हवी आहे : आईच्या पित्तनलिकेत अडथळा आणि जंतुसंसर्ग – ताप उतरला असतानाही आज रात्रीच ईआरसीपीसाठी हलवणे गरजेचे आहे का?

केतकी_न (शनिवार, रात्री ८.१०)

माझी आई ७१ वर्षांची असून ती जतमधील एका लहान रुग्णालयात दाखल आहे. गुरुवारी रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला, उजव्या बरगडीखाली दुखू लागले आणि काल सकाळी डोळे पिवळे दिसले. दाखल करताना ताप १०२.६ होता. रक्तातील बिलिरुबिन ६.८, पांढऱ्या पेशी १८,४००, क्रिएटिनिन १.६, प्लेटलेट १ लाख १० हजार आणि आयएनआर १.४ आहे. सोनोग्राफीत पित्ताशयात बरेच खडे दिसले, मुख्य पित्तनलिका १२ मिलिमीटर फुगलेली आहे, मात्र आतड्यातील वायूमुळे नलिकेचे खालचे टोक दिसले नाही, असे अहवालात लिहिले आहे.

काल दुपारपासून शिरेतून अँटिबायोटिक सुरू आहे आणि आज सकाळपासून ताप १०० च्या खाली आहे. तरीही येथील डॉक्टर म्हणतात की तोंडातून दुर्बीण घालून नलिका मोकळी करणे, म्हणजे ईआरसीपी, हाच उपचार आहे, ती सोय येथे नाही, म्हणून आज रात्रीच मिरजेला हलवा. दादाचे म्हणणे असे की ताप उतरतो आहे, रात्रीचा दोन तासांचा प्रवास तिला झेपणार नाही, तेव्हा सोमवारी सकाळी निघू. शिवाय हृदयातील स्टेंटमुळे आईला गेले १४ महिने एकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल सुरू आहे, त्यामुळे रक्तस्राव होईल याची त्याला फार भीती वाटते. ही घाई खरोखर गरजेची आहे का, आणि असल्यास का, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

वामन_सोलापूर (८.२४)

अँटिबायोटिक लागू पडले आहे, हे ताप उतरण्यावरून दिसते. माझ्या मेहुण्याला हाच आजार झाला होता आणि त्याचे ईआरसीपी चौथ्या दिवशी, सगळे स्थिर झाल्यावर केले. त्या तपासणीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, हेही खरे आहे. त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी पाच दिवस थांबवून मग जावे, असे मला वाटते.

शुभदा७१ (८.३१)

केतकी, काळजी करू नकोस. आमच्या यजमानांना कावीळ झाली होती, तेव्हा गावाकडचे झाडपाल्याचे औषध आणि पथ्य यांनीच उतरली. उसाचा रस, ताक-भात, तेल-तूप पूर्ण बंद. ईआरसीपीआधी एकदा ते करून पाहायला हरकत नाही.

दक्षिणवारा (८.५२)

मी पोटविकारांचा डॉक्टर आहे आणि ईआरसीपी करतो. आईंना मी तपासलेले नाही, त्यामुळे निर्णय तेथील डॉक्टरांचाच राहील. पण प्रश्न घाईचा आहे, म्हणून थेट विचारतो. त्या तुमच्याशी नेहमीसारख्या बोलतात का? रक्तदाब किती आहे? दुपारपासून लघवी किती झाली?

शुभदाताई, तुमच्या यजमानांची कावीळ बहुधा यकृताला विषाणूमुळे आलेल्या सुजेची असावी. ती बहुतेकदा आपोआप ओसरते. येथे यकृत पित्त तयार करते आहे, पण त्याला बाहेर पडायला वाट नाही, आणि कोंडलेल्या पित्तात जंतू वाढले आहेत. शिवाय ईआरसीपी भूल देऊन करावी लागते, त्यामुळे आईंना या क्षणी तोंडाने रस किंवा ताक काहीही देऊ नये.

केतकी_न (९.०५)

रक्तदाब काल रात्री ९०/६० होता, सलाइननंतर १००/६० आहे. दुपारी तिने मला दोनदा मावशीच्या नावाने हाक मारली आणि आपण घरीच आहोत असे समजून गॅस बंद केलास का, असे विचारले. आम्हाला वाटले की दोन रात्री झोप नसल्यामुळे ती गुंगीत आहे. लघवीची पिशवी सिस्टरांनी दुपारी दोनला रिकामी केली होती, त्यानंतर तिच्यात कपभरसुद्धा लघवी जमलेली नाही आणि जी आहे ती गडद चहासारखी आहे.

दक्षिणवारा (९.२१)

मग सोमवारपर्यंत थांबू नका, आणि हे मी तापाकडे पाहून म्हणत नाही. ताप, कावीळ आणि उजवीकडचे दुखणे हे त्रिकूट शार्को यांनी १८७७ मध्ये मांडले. १९५९ मध्ये रेनॉल्ड्स आणि डार्गन यांनी त्यात उतरलेला रक्तदाब आणि बिघडलेली शुद्ध ही दोन लक्षणे जोडली, कारण ती दिसू लागली की नलिकेतला संसर्ग रक्तात पसरून इतर अवयवांवर उतरलेला असतो. आईंनी तुम्हाला मावशीच्या नावाने हाक मारणे ही झोपेची गुंगी असू शकते, पण कमी रक्तदाब आणि आटलेली लघवी सोबत असताना ती तशी मानणे धोक्याचे आहे. ही गोष्ट आत्ताच ड्यूटीवरील डॉक्टरांच्या कानावर घाला, कारण सकाळच्या नोंदीत ती कदाचित नसेल.

वामनराव, ताप उतरला म्हणजे औषध काम करते आहे, हे तुमचे म्हणणे निम्मे बरोबर आहे. निरोगी माणसाच्या पित्तनलिकेतला दाब पाण्याच्या सुमारे १० सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाएवढा असतो. वाट बंद झाली की तो वाढतो, आणि २५ च्या आसपास गेला की पित्तातले जंतू व त्यांचे विष उलट दिशेने यकृतातील सूक्ष्म शिरांमधून रक्तात ढकलले जातात. हुडहुडी त्याचीच असते. शिरेतून दिलेले अँटिबायोटिक रक्तातले जंतू मारते, म्हणून ताप काही तास खाली येतो. परंतु एरवी हे औषध यकृतामार्फत पित्तात उतरते, आणि नलिकेत दाब असताना ते तेथे फारच कमी पोहोचते. मोरीचा बोळा तसाच ठेवून वरून फिनेल ओतत राहावे, तसे हे आहे. तुमच्या मेहुण्याचा आजार सौम्य असेल, तर चौथा दिवस योग्यच होता. सौम्य आजारात अनेकदा औषधाने संसर्ग आटोक्यात येतो आणि ईआरसीपी सवडीने करता येते. येथे परिस्थिती तशी दिसत नाही.

आता गोळ्यांविषयी. दादांची भीती रास्त आहे, पण ती नलिकेचे तोंड कापून खडा काढण्याबाबत लागू पडते. आज खडा काढणे हा हेतूच नाही. दुर्बिणीतून खड्याच्या बाजूने एक बारीक तार वर सरकवायची, तिच्यावरून प्लास्टिकची नळी बसवायची किंवा नाकातून बाहेर येणारी नळी ठेवायची, कोंडलेले पित्त वाहू द्यायचे आणि बाहेर यायचे. नळी बसवायला कापावे लागत नाही, त्यामुळे क्लोपिडोग्रेल चालू असतानाही ती बसवता येते. उलट, दुर्बिणीतून जमले नाही तर त्वचेतून सुई घालून यकृतातील नलिकेत नळी टाकावी लागते, आणि त्यात या गोळ्यांमुळे रक्तस्रावाचा धोका अधिक असतो. गोळ्या स्वतःहून मात्र बंद करू नका, कारण हृदयातला स्टेंटही सांभाळायचा आहे. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका खरा आहे. तो कमी करण्यासाठी गुदद्वारातून एक औषध देतात, पण मूत्रपिंडांची ही अवस्था पाहता ते द्यायचे की नाही, हे तेथील डॉक्टर ठरवतील.

पूर्वी हे काम पोट उघडून करत असत. हाँगकाँगमध्ये अतिगंभीर अवस्थेतील ८२ रुग्णांची दोन गटांत तुलना करून १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात शस्त्रक्रियेच्या गटात ३२ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात १० टक्के रुग्ण दगावले. म्हणूनच दुर्बीण कोठे आहे हा प्रश्न इतका महत्त्वाचा आहे.

परिचारिका_पुणे (९.४०)

मी अतिदक्षता विभागात काम करते. निघण्यापूर्वी मिरजेला फोन करून नुसते ‘बेड आहे का’ असे विचारू नका. ईआरसीपी करणारे डॉक्टर आज रात्री किंवा उद्या रविवारी सकाळी येणार आहेत का, आणि अतिदक्षता विभाग व भूलतज्ज्ञ उपलब्ध आहेत का, हे स्पष्ट विचारून घ्या. अन्यथा रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोहोचतो आणि तेथेही सोमवारचीच वाट पाहत राहतो, असे मी पाहिले आहे. अँटिबायोटिकचा पुढचा डोस वाटेत चुकू नये, म्हणून निघतानाच त्याची वेळ लिहून घ्या. रुग्णवाहिकेत ऑक्सिजन, सलाइन आणि रक्तदाब पाहणारी व्यक्ती हवी.

एका बाबतीत मात्र मी डॉक्टरांशी पूर्ण सहमत नाही. मध्यरात्री अपुऱ्या मनुष्यबळावर ईआरसीपी करण्यापेक्षा रात्रभर रक्तदाब सावरून सकाळी सहाला पूर्ण चमूसह केलेले बरे, असा माझा अनुभव आहे.

दक्षिणवारा (९.५५)

सलाइन आणि गरज पडल्यास रक्तदाब धरून ठेवणारे औषध आधी सुरू करायलाच हवे, त्यात दुमत नाही. युरोपातील मार्गदर्शक तत्त्वे संसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या रुग्णात १२ तासांच्या आत, मध्यम गंभीर आजारात ४८ ते ७२ तासांत, अशी मर्यादा सांगतात. नेमका कोणता तास, यावर आम्हा लोकांत अजून वाद आहेत. पहाटे की मध्यरात्री हे तेथील डॉक्टरांना ठरवू द्या. परंतु तो निर्णय मिरजेत पलंगाशी उभे राहून व्हावा, जतमध्ये थांबून नव्हे.

केतकी_न (१०.१२)

दादाला दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. ड्यूटीच्या डॉक्टरांनी तिला वार आणि गाव विचारले, तिला वार सांगता आला नाही. मिरजेत ईआरसीपी करणाऱ्यांशी बोलणे झाले आहे. आम्ही निघतो आहोत.

केतकी_न (मंगळवार, दुपारी ४.३०)

सर्वांना उत्तर द्यायला उशीर झाला. वाटेत रक्तदाब ८४ पर्यंत उतरला, म्हणून पोहोचताच अतिदक्षता विभागात औषध सुरू केले आणि पहाटे ईआरसीपी केली. तार वर जाताच पांढरट, पुवासारखे पित्त आतड्यात उतरले, असे डॉक्टरांनी सांगितले. खालच्या टोकाला अडकलेला खडा तसाच ठेवून प्लास्टिकची नळी बसवली आहे. रविवारी संध्याकाळी रक्तदाबाचे औषध बंद झाले. आज बिलिरुबिन ३.९ आहे, लघवी मोकळी होते आहे आणि ती आम्हाला आमच्या नावांनी ओळखते. पित्तात ई. कोलाय वाढल्याचा प्राथमिक अहवाल आला आहे.

आता पुढचा प्रश्न आहे. घरी सगळ्यांना वाटते की आजार संपला, खडा आणि पित्ताशय दिवाळीनंतर पाहू. तोपर्यंत चार महिने जातील. चालेल का?

दक्षिणवारा (मंगळवार, रात्री ९.१५)

ही बातमी वाचून फार बरे वाटले. चार महिने मात्र नकोत. प्लास्टिकची नळी साधारण तीन महिन्यांत गाळ साचून बंद होऊ लागते, आणि ती बंद झाली की खडा असो वा नसो, हाच आजार पुन्हा उद्भवतो. संसर्ग निवळल्यावर काही आठवड्यांत खडा काढायचा आणि त्यानंतर लवकरच पित्ताशय, कारण पित्ताशयात खडे राहिले तर ते पुन्हा नलिकेत उतरू शकतात. खडा काढण्यासाठी क्लोपिडोग्रेल काही दिवस थांबवावे लागेल. हृदयातील स्टेंटला १४ महिने झाल्यामुळे ते बहुधा शक्य व्हावे, पण होकार हृदयरोगतज्ज्ञांकडून लेखी घ्या. डिस्चार्जच्या कागदावर नळी बसवल्याची तारीख आणि ती काढण्याची मुदत, दोन्ही ठळक लिहून मागा.

वामन_सोलापूर (९.४०)

मेहुण्याची नळी काढली की नाही, हे आमच्यापैकी कोणालाच नक्की आठवत नाही. त्याची फाइल शोधायला सांगितली आहे. ती क्ष-किरणात दिसते का?

दक्षिणवारा (९.५२)

बहुतेक नळ्या पोटाच्या साध्या एक्स-रेत दिसतात. उद्याच काढून घ्या, आणि हुडहुडी किंवा डोळ्यांत पिवळेपणा असेल तर एक्स-रेसाठीही थांबू नका.