वाचनगट: सहा पुस्तकं, वीस आठवडे, आणि मागे पडलेल्यांचं काय?

अंजली

नमस्कार मंडळी,

पुढच्या फेरीची यादी पक्की झाली. क्रम असा: ४१२ पानांची कादंबरी, १९० पानांचा कथासंग्रह, ३३० पानांचं आत्मचरित्र, १६८ पानांचे वैचारिक निबंध, ९६ पानांचं नाटक आणि शेवटी २८६ पानांची दुसरी कादंबरी. एकूण १४८२ पानं. हाताशी वीस आठवडे, दर आठवड्याला एक चर्चा.

गेल्या फेरीत तिसऱ्या पुस्तकापर्यंत निम्मी मंडळी मागे पडली आणि मग यायचीच थांबली. कुणी भांडलं नाही, कंटाळलंही नाही. "वाचून झालं नाही, आता कुठल्या तोंडाने येऊ?" एवढंच कारण. म्हणून या वेळी वाटणीबरोबरच मागे पडलेल्यांसाठीचा नियमही आधीच ठरवावा म्हणते. सुचवा.

विनायककाका

अंजली, यात अवघड काय आहे? १४८२ भागिले २०, म्हणजे आठवड्याला ७४ पानं. दिवसाला साडेदहा! एवढं तर माणूस चहा निवेपर्यंत वाचतो. मागे पडेल त्याने पुढच्या आठवड्यात रोज आणखी दहा पानं वाचावीत, हिशेब मिटला. नियम-बियम केले की पळवाटा निघतात.

सुलभाताई

अंजली, यादी छान आहे. पण तू ४१२ पानं म्हणतेस ती कादंबरी माझ्याकडे आहे आणि तिची पानं ३६६ भरतात. मला जुनी आवृत्ती चालेल ना, की नवीच हवी? अक्षर फार बारीक आहे. मोठ्या अक्षरातली प्रत कुणाकडे असेल तर मी अदलाबदल करायला तयार आहे. धाकटीने तेच पुस्तक वाचनयंत्रावर घेतलंय, तिला तर पानंच दिसत नाहीत, नुसते टक्के दिसतात.

मकरंद

सुलभाताईंनी प्रत विचारली, पण त्यातच वाटणीची पहिली अडचण आली. वेळापत्रकात पान क्रमांक लिहिला की एक जण १०३ वर थांबणार, दुसरा ९२ वर, आणि तिसऱ्याचं यंत्र २५ टक्के दाखवणार. तेव्हा पानं फक्त आपल्या हिशेबासाठी ठेवू. लोकांना सांगताना "पाचव्या प्रकरणाच्या शेवटापर्यंत" असंच सांगायचं. सुलभाताई, तुमची जुनी प्रत चालेल.

काका, भागाकार बरोबर आहे, पण सगळी पानं सारखी धरली तरच. मी प्रत्येक पुस्तकातली मधलीच दहा पानं घड्याळ लावून वाचून पाहिली. पहिली कादंबरी १६ मिनिटं, निबंध २४ मिनिटं, नाटक आठच मिनिटं, कारण निम्मं पान कोरं असतं. कथासंग्रह, आत्मचरित्र आणि दुसरी कादंबरी पहिल्या कादंबरीच्या जवळपास. म्हणजे निबंधांचं एक पान दीड पानाचं आणि नाटकाचं अर्ध्याचं. या मापाने निबंध १६८ चे २५२ होतात आणि नाटक ९६ चं ४८. एकूण बेरीज १५१८, थोडीच वाढली. पण ७४ च्या हिशेबाने निबंधांना सव्वादोन आठवडे मिळाले असते आणि नाटकाला सव्वा. खरं तर पहिल्याला तीन हवेत आणि दुसऱ्याला एक पुरतो. गेल्या वेळी लोक तिसऱ्या पुस्तकाशी अडखळले, ते जड होतं म्हणून की त्याला वेळ कमी दिला म्हणून, हे बघायला हवं.

आता मागे पडण्याबद्दल. ज्याला या आठवड्यात रोज दहा पानं जमली नाहीत, त्याला पुढच्या आठवड्यात रोज वीस कशी जमतील? त्याचा आठवडा काही मोठा होत नाही. समजा आपण आठवड्याला सुमारे शंभर पानं ठेवली आणि एखाद्याला ओढूनताणून १२० जमतात. एक आठवडा बुडला की त्याच्यावर शंभरांचं देणं. ते फेडायला दर आठवड्याचे वरचे वीस, म्हणजे पाच आठवडे. त्या पाचही आठवड्यांत तो चर्चेला येतो तेव्हा मागेच असतो. मध्ये आणखी एक आठवडा बुडाला की संपलं.

म्हणून माझं म्हणणं: वाचनाचे आठवडे सोळाच धरा आणि चार मोकळे सोडा. १५१८ भागिले १६ म्हणजे ९५ च्या आसपास. मोकळ्या आठवड्यात नवीन काही वाचायचं नाही. ज्याचं देणं आहे त्याने ते फेडायचं. १२० ची ताकद असेल तर एक भाग सहज निघतो. दोन भाग मात्र निघत नाहीत, आणि नियम नेमका इथेच लागतो.

मोकळे आठवडे पुस्तक संपल्यावर टाकावेत. कादंबरी १ ते ४, पाचवा मोकळा. कथा ६ आणि ७, आत्मचरित्र ८ ते १०, अकरावा मोकळा. निबंध १२ ते १४, नाटक १५, सोळावा मोकळा. दुसरी कादंबरी १७ ते १९, विसावा मोकळा.

विनायककाका

चार आठवडे फुकट? आणि विसावा मोकळा कशासाठी? त्यानंतर काही वाचायचंच नाही.

आणि प्रकरणाच्या शेवटी थांबायचं म्हणतोस, तर सरळ सांग की शंभरेक पानं झाली की त्याआधी संपलेल्या प्रकरणावर थांबा. घड्याळबिड्याळ कशाला?

मकरंद

विसाव्याबद्दल तुमचं पटतं. तो आठवडा दुसऱ्या कादंबरीच्या मध्यावर टाकता येईल. मला तो शेवटी हवा कारण सगळ्यात जास्त थकबाकी तिथे साचते, पण मी अडून बसणार नाही. अंजलीने ठरवावं.

"आधीच्या प्रकरणावर थांबा" हे मात्र चालणार नाही, कादंबरीवरच करून दाखवतो. प्रकरणं या पानांवर संपतात: ५२, ९१, ११८, १४९, १८८, २३१, २५४, २९७, ३४०, ४१२. चार आठवडे, म्हणजे सरासरी १०३.

तुमच्या पद्धतीने पहिल्या आठवड्यात १०३ च्या आधीचं प्रकरण, ९१. तिथून १०३ पुढे १९४, म्हणून १८८. तिथून २९१, पण त्याआधीचं प्रकरण २५४ ला संपतं, म्हणजे त्या आठवड्यात फक्त ६६ पानं. चौथ्या आठवड्यात ३४०. चार आठवडे झाले आणि अख्खं शेवटचं प्रकरण, ७२ पानं, उरलं! कुणीही आळस न करता सगळा गट मागे पडला. आणि उरलं तेही नेमकं ज्यासाठी कादंबरी वाचायची ते.

त्यापेक्षा खुणा आधीच सुरुवातीपासून मोजून ठेवायच्या: १०३, २०६, ३०९, ४१२. प्रत्येक खुणेच्या सगळ्यात जवळ संपणारं प्रकरण घ्यायचं, मग ते खुणेच्या अलीकडे असो की पलीकडे. १०३ ला ९१ जवळ (११८ त्याहून लांब), २०६ ला १८८, ३०९ ला २९७, आणि शेवट. आठवड्यांची पानं ९१, ९७, १०९, ११५. अगदी सारखी नाहीत, पण एका आठवड्याची कमी पुढच्यावर साचत जात नाही.

निखिल

मी मागे पडणाऱ्यांच्या पक्षाचा प्रतिनिधी. मकरंददादा, हिशेब झकास. पण दोन भाग मागे असलो तर काय करू ते सांगा. "नियम इथेच लागतो" म्हणून तुम्ही थेट प्रकरणांच्या बेरजेत शिरलात.

मकरंद

खरंय, ते राहिलंच.

एक भाग मागे असशील तर चालू भाग आधी वाच आणि चर्चेला ये. राहिलेला मोकळ्या आठवड्यात. दोन भाग किंवा जास्त मागे असशील तर जुनं देणं माफ. जिथे गट आहे तिथे थेट उडी मार, आणि मोकळा आठवडा आला तरी फक्त सगळ्यात अलीकडचा राहिलेला भाग वाच, त्यामागचे सोडून दे. फेडायचंच म्हणून बसलास तर गट पुढे जातो आणि तू मागचंच वाचत राहतोस.

उडीसाठी गोषवारा लागेल. त्या आठवड्याची चर्चा जो चालवणार त्याने चर्चेआधी प्रत्येक प्रकरणाच्या चार ओळी लिहायच्या: कोण आलं, कुठे, काय बदललं. आपलं मत नको. चर्चेनंतर लिहिला तर उपयोग नाही, मागे पडलेला तोवर येऊन गप्प बसून गेलेला असतो. कथासंग्रहाला गोषवारा नको, एक कथा सुटली तर दुसरीचं काही बिघडत नाही. निबंधांत मात्र एक मुद्दा दुसऱ्यावर उभा असतो, तिथे चार ओळींत काम होईल का याची मला खात्री नाही.

निखिल

आणि कादंबरी उलटसुलट वाचायची? पाचवं प्रकरण आधी, तिसरं नंतर? कोण मेलं हे आधीच कळलं तर मोकळ्या आठवड्यात मी तो भाग उघडणारसुद्धा नाही.

मकरंद

रहस्यकथा असती तर मी हा नियम सुचवलाच नसता. या कादंबरीत कोण मरतं ते पहिल्याच पानावर आहे. दुसरीचं मला माहीत नाही, ज्यांनी वाचलीय त्यांनी सांगावं. ती तशी असेल तर तिच्यापुरता नियम बदलू, आणि मग काकांचं ऐकून मोकळा आठवडा तिच्या मध्यावर टाकणंच बरं.

विनायककाका

मला काय दिसतंय सांगू? चार ओळींचा गोषवारा वाचून येणारा सगळ्यात जास्त बोलणार. पाहिलंय मी.

अंजली

काका, त्यावर नियम करू की नको हे मला अजून ठरवता येत नाही. गोषवाऱ्यावर आलेल्याने प्रश्न विचारावेत, मतं देऊ नयेत असं म्हणावं का? पण तसं जाहीर केलं की निखिलसारखे पुन्हा यायचे थांबतील. पहिली कादंबरी होईपर्यंत हे मोकळं ठेवते.

मकरंदची वाटणी घेते. विसावा आठवडा कुठे ठेवायचा ते दुसरी कादंबरी वाचलेल्यांकडून ऐकून ठरवू. माझी एक भर: तिसऱ्या आठवड्याच्या चर्चेत प्रत्येकाने आपण कुठवर आलोय तेवढं प्रकरण सांगायचं. एक-दोघं मागे असतील तर त्यांच्यासाठी नियम आहेच. तिघांपैकी एक मागे असेल, तर वाटाच मोठा झालाय असं समजून पाचवा आठवडा चौथ्यावर आणू आणि शेवटचा भाग पाचव्यात वाचू.

पहिला आठवडा: प्रकरण १ आणि २. दुसरा: ३ ते ५. तिसरा: ६ ते ८. चौथा: ९ आणि १०. पहिला गोषवारा मी लिहिते.

सुलभाताई

अगं, माझ्या जुन्या प्रतीत प्रकरणांना आकडेच नाहीत. नुसती मध्ये चांदणी आहे आणि पुढे सुरू. तिसरं कुठून धरू?

मकरंद

सुलभाताई, आमच्या प्रतीत दोन प्रकरणांमध्येही चांदण्या आहेत आणि प्रकरणांच्या आतही, त्यामुळे मोजू नका, फसाल. अंजली, प्रत्येक भागाच्या पहिल्या वाक्यातले चार-पाच शब्द वेळापत्रकात टाक. सुलभाताईंना प्रतीत सापडतील आणि धाकटीला यंत्रात शोधता येतील.