स्टेरॉइड चालू असताना एमआर?
“नातू दीड वर्षाचा, 12 किलोचा. किडनीच्या आजारासाठी महिनाभर रोज 24 मिग्रॅ प्रेडनिसोलोन चालू आहे. गोवर-रुबेलाची एमआर लस अन् डीपीटी द्यावी का?”

एमआर आत्ता नको, भाऊ. तिच्यात कमजोर केलेले पण जिवंत विषाणू असतात. रोज किलोमागे 2 मिग्रॅ स्टेरॉइड, तेही 14 दिवसांवर, म्हणजे गोळी बंद झाल्यावर किमान महिनाभर थांबायचं. पोलिओचे थेंबही जिवंतच, तेही टाळा. डीपीटी मृत लस, ती चालते. असर थोडा कमी पडू शकतो. डॉक्टरांना गोळी सांगूनच घ्या.

डीपीटी मात्र गोठलेली नको. मे महिन्यात आमच्याकडे उन्हाच्या धाकानं कडक आइसपॅक तसेच लसीच्या कॅरियरमध्ये भरले, अन् डीपीटीच गोठली. हलवून ठेवली तर गाळ भरकन तळाशी बसला. फेकली. पॅक हलवल्यावर आत पाणी वाजलं, की मगच भरायचा.