सायकोपॅथ ओळखता येतो, तर मुदतपूर्व सुटका द्यायचीच कशाला?

मिहिर (धागाकर्ता): मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या सायकोपॅथी तपासयादीत ४० पैकी ३० गुण आले की माणूस सायकोपॅथ ठरतो. मग तुरुंगात सगळ्यांचीच चाचणी घ्या, आणि ३० किंवा त्याहून जास्त गुणवाल्यांना मुदतपूर्व सुटका नको. यात चुकतं कुठे?

सुजाता_क: अगदी बरोबर. डॉक्टर त्यालाच अँटिसोशल पर्सनॅलिटी म्हणतात. आजार एकच, नावं दोन.

मानसतज्ज्ञ_नागपूर: सुजाताताई, एक नाही. डीएसएम या मनोविकारांच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेतलं अँटिसोशल पर्सनॅलिटीचं निदान मुख्यतः वागणुकीवर ठरतं. वय १८ पूर्ण हवं, १५ च्या आधीपासून वर्तनाच्या गंभीर तक्रारी हव्यात आणि सात निकषांपैकी तीन लागू पडायला हवेत. मारामाऱ्या, उतावीळपणा आणि बेजबाबदारपणा एवढ्यावरही ते निदान होतं. असा माणूस आई गेल्यावर कोसळतो, केल्याचा पश्चात्तापही करतो. हेअरच्या यादीत तो ३० च्या बराच खाली राहू शकतो. तुरुंगात निदान बसणारे पुष्कळ सापडतात, ३० ओलांडणारे त्यामानाने खूप कमी.

रेवती: माझे दीर गोड बोलून सगळ्यांकडून पैसे उकळतात, लाज म्हणून नाही. यादी वाचली, निम्मे मुद्दे जुळले!

मानसतज्ज्ञ_नागपूर: घरी बसून गुण देऊ नका. प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ द्यायचे असतात, तेही प्रशिक्षित माणसाने, मुलाखत घेऊन आणि जुनी कागदपत्रं पडताळून. पैशांचा व्यवहार मात्र आजच थांबवा, त्यासाठी निदान लागत नाही.

मिहिर: पण जास्त गुणवाले पुन्हा गुन्हे जास्त करतात, हे तर खरं ना?

मानसतज्ज्ञ_नागपूर: गटाकडे पाहिलं तर खरं. पण यादीतलं काय भाकीत करतं ते पाहा. मोहक बोलणं, निर्दयता, पश्चात्ताप नसणं याने आपण दचकतो, पण पुढच्या हिंसेचा अंदाज त्यावरून फारसा येत नाही. जास्त अंदाज येतो तो उतावीळपणा, लहानपणापासूनचे गुन्हे, सुटकेच्या अटी मोडणं यांवरून. म्हणजे बराचसा भाग मागच्या नोंदीच पुन्हा मोजतो. शिवाय समोर बसलेला ३२ गुणांचा माणूस गटातल्या कुठल्या बाजूचा, हे तो आकडा सांगत नाही.

वकील_देशपांडे: टेक्सासचा बेअरफूट खटला वाचा. साक्ष देणारे मनोविकारतज्ज्ञ डॉ. ग्रिग्सन यांनी आरोपी बेअरफूटला एकदाही तपासलं नव्हतं. काल्पनिक प्रश्नाच्या उत्तरात त्यांनी सांगितलं की तो पुन्हा हिंसा करणार, शंभर टक्के. अमेरिकन मनोविकार संघटनेनेच न्यायालयाला कळवलं होतं की दीर्घकालीन धोक्याची अशी तीनपैकी दोन भाकितं चुकतात. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती साक्ष तरीही चालवून घेतली आणि १९८४ मध्ये बेअरफूटच्या मृत्युदंडाची अंमलबजावणी झाली. ग्रिग्सन यांना संघटनेने १९९५ मध्ये काढून टाकलं.

मिहिर: तिथे यादी नव्हती, नुसतं मत होतं. यादी त्यापेक्षा बरी.

वकील_देशपांडे: बरी आहेच. पण ३० वर रेघ मारलीत तर २९ वाला सुटतो आणि ३० वाला आतच राहतो, आणि दोघांतला फरक कधीकधी एका मुद्द्याला १ द्यायचे की २ एवढाच.

सुजाता_क: आणि २९ वाल्याने उद्या कुणाला मारलं तर? त्या घरच्यांना काय सांगाल?

मानसतज्ज्ञ_नागपूर: त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही. सुटकेनंतरची देखरेख, दारूवर उपचार, कुणाकडे राहणार, हे मी अहवालात लिहितो. तो पुन्हा करणार की नाही, हे लिहीत नाही.