अनुभव धागा: अडकलेल्या पेमेंटचा दुसरा मेल तुम्ही कसा लिहिला?

वाळूजची हिशोबवाली
सुरुवात मीच करते. आमचं वाळूज एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे, दीर मशीन बघतात, बिलं आणि मेल माझ्याकडं. आम्ही ज्याला माल देतो तो स्वतः एका मोठ्या कंपनीचा व्हेंडर आहे आणि आम्ही त्या व्हेंडरचे व्हेंडर. त्याच्याकडं 1,84,080 रुपये अडकले होते. 1200 नग, 130 रुपयांनी 1,56,000 आणि वर 28,080 जीएसटी. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे मॅडम" एवढंच. पहिला मेल गोड लिहिला, उत्तर नाही. मग 12 मेला रात्री चिडून हा लिहिला:

> विषय: पेमेंटबाबत
> सर, आज 70 दिवस झाले तरी आमचं पेमेंट आलेलं नाही. तुमच्याकडून नुसती टोलवाटोलवी चालू आहे. आमच्यासारख्या छोट्या लोकांनी जगायचं कसं? कामगारांचे पगार थकलेत. तरी लवकरात लवकर पेमेंट करावे, नाहीतर कायदेशीर मार्ग पत्करावा लागेल. सोबत नवीन पार्टचं कोटेशन जोडलं आहे.

नशीब, पाठवायच्या आधी आमच्या ओळखीच्या काकांना दाखवला. ते इथं आहेत, तेच सांगतील काय काय कापलं ते.

टेबलापलीकडचा
सांगतो. मी 26 वर्षं कंपन्यांची बिलं पास करायच्या टेबलावर बसलोय, म्हणजे असले मेल येतात त्या बाजूला. हिचा मेल वाचून मला पहिलं हसू आलं ते शेवटच्या ओळीचं, कोर्टाची धमकी आणि त्याच्याच खाली कोटेशन. समोरचा काय समजणार, की हिला आपल्याकडून अजून काम पाहिजे, धमकी काही खरी नाही.

पण खरा घोळ 70 दिवसांचा होता. तिनं 3 मार्च या बिलाच्या तारखेपासून मोजलं. पीओत 45 दिवस लिहिलेत आणि ते माल स्वीकारल्यापासून. चलनावर त्यांच्या स्टोअरचा शिक्का 7 मार्चचा. म्हणजे मुदत संपली 21 एप्रिलला, आणि 12 मेला उशीर झाला 21 दिवसांचा. आता 70 लिहिलं असतं ना, तर तिकडच्या पोराला फुकटचं उत्तर मिळालं असतं की "आपली मोजणी चुकीची आहे, कृपया तपासावे", आणि अजून आठ दिवस गेले असते. मी स्वतः अशी उत्तरं पाठवलेली आहेत, खोटं कशाला बोलू.

पगार थकलेत, जगायचं कसं, हे पण काढायला लावलं. खरं असलं तरी त्याच्या स्क्रीनवर त्याचा काही कॉलम नसतो.

वाळूजची हिशोबवाली
मग दुसऱ्या दिवशी हा गेला. तारीख बदलली म्हणून 21 चे 22 केले, काकांनी तेवढ्यासाठी पण परत वाचायला लावलं:

> विषय: बिल क्र. 214, रु. 1,84,080, मुदत 21 एप्रिल, पेमेंट बाकी
> नमस्कार,
> बिल क्र. 214 चा माल आपल्या स्टोअरने 7 मार्चला स्वीकारला. पीओप्रमाणे 45 दिवसांची मुदत 21 एप्रिलला संपली, आज त्यावर 22 दिवस झाले आहेत. बिल आणि शिक्क्याचं चलन सोबत जोडलं आहे.
> शुक्रवारपर्यंत दोन गोष्टी कळवाव्यात: रक्कम कोणत्या तारखेला जमा होईल, आणि बिल कुठे अडलं असेल तर कशासाठी. आमच्याकडून काही कागद हवा असल्यास त्याच दिवशी पाठवतो.

सीसीत परचेसचे साहेब, ज्यांनी पीओ दिली ते. "तसदीबद्दल क्षमस्व" मी सवयीनं लिहिलं होतं, काकांनी खोडलं. म्हणाले, उशीर त्यांचा आणि माफी तू मागायलीस?

नांदेडचा कंत्राटी
माझ्याकडं पण दोन व्हेंडरचे पैसे द्यायचे राहिलेत, मी तर सरळ फोन करून सांगतो की दादा पुढच्या आठवड्यात देतो, मेलबिल कशाला. लोक समजून घेतात.

वाळूजची हिशोबवाली
दादा, उलटं आहे, पैसे आम्हाला यायचेत 😄

जालन्याचा ट्रेडर
एवढं नम्र व्हायची गरजच काय? एमएसएमई कायदाच आहे ना, 45 दिवसांच्या वर गेलं की व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि ते पण महिन्याला चक्रवाढ. मी स्टीलची ट्रेडिंग करतो, उद्यम काढलंय, प्रत्येक मेलखाली व्याजाची ओळ टाकतो. सगळ्यांना 45 दिवस लागू आहेत.

टेबलापलीकडचा
व्याजाचं बरोबर आहे तुमचं. पण 45 ही लेखी ठरवलं असेल तरची कमाल मर्यादा आहे, लेखी काहीच नसेल तर 15 दिवसच. आणि ट्रेडरला उद्यम मिळतं ते बँकेच्या प्राधान्य कर्जापुरतं, उशिराच्या पेमेंटचा फायदा त्यात दिलेला नाही. ज्याला हे माहीत आहे तो तुमची ती ओळ वाचून गप बसत असेल.

जालन्याचा ट्रेडर
आमच्या सीएनं असं काही सांगितलं नाही. विचारतो. पण पैसे येतात बरं का त्या ओळीनं, दोघांनी तर लगेच टाकले.

परभणीची केटरिंगवाली
मी टाकली होती कायद्याची ओळ, दुसऱ्याच मेलला. पैसे आठ दिवसांत आले आणि त्यानंतर तिथली एक पण ऑर्डर आली नाही, तीन वर्षांचं गिऱ्हाईक होतं. आता ते ओळीमुळं गेलं का दुसऱ्या कुणाचं जेवण स्वस्त पडलं, देव जाणे. पण तेव्हापासून मी फक्त उद्यम नंबर बिलावर छापते, मेलमधी बोलत नाही.

लातूरकर
पुढं काय झालं ते सांगा ना ताई, आले का पैसे? आमच्याकडं अडतीवर मेल कोण लिहितंय, जाऊन बसावं लागतं चहा पीत 🙏

वाळूजची हिशोबवाली
तेच सांगायलेय. गुरुवारीच उत्तर आलं आणि पहिल्यांदाच खरं कारण कळलं. 1200 पैकी 12 नग त्यांच्या क्वालिटीत रिजेक्ट झालेले, बोअर मोठा झाला होता. म्हणजे त्यांच्या सिस्टिममध्ये 1188 आणि आमच्या बिलात 1200, आकडे जुळत नाहीत म्हणून बिल नुसतं पडून. दोन महिन्यांत फोनवर एकानंही हे सांगितलं नाही, कारण फोन उचलणाऱ्याला माहीतच नव्हतं, त्याला फक्त "पेंडिंग" दिसत होतं. "कुठे अडलं असेल तर कशासाठी" या ओळीमुळं त्यानं उघडून बघितलं.

त्याच दिवशी 12 नगांची क्रेडिट नोट पाठवली, 1,560 आणि जीएसटी धरून 1,840.80. राहिले 1,82,239.20. ते म्हणाले आमचं पेमेंट महिन्यात दोनदा निघतं, पुढचं 25 मेला, त्यात घेतो.

टेबलापलीकडचा
एक सांगायचं राहिलं. माल दिल्यापासून 15 दिवसांत त्यांनी लेखी हरकत घेतली नाही तर कायद्यानं माल स्वीकारलाच असं धरतात. म्हणजे त्या 12 नगांचे पैसे पण ही मागू शकली असती. मीच नको म्हणलं, अठराशे रुपयांसाठी अजून महिनाभर कोण भांडणार.

परभणीची केटरिंगवाली
मी मागितले असते 😅 आज 12 सोडले की उद्या 50 रिजेक्ट दाखवतील.

वाळूजची हिशोबवाली
दीर पण तेच म्हणायलेत. घरात अजून वाद चालू आहे.
25 ला सुट्टी आली, 26 ला दुपारी जमा झाले, पैशासकट बरोब्बर 1,82,239.20. ते कोटेशन मग 28 ला वेगळ्या मेलनं पाठवलं. त्याचं उत्तर अजून नाही.